तीन मुद्दे, तीन मध्यबिंदू आणि वर्गाचं चुकलेलं उत्तर

वाटाघाटी शिकवताना मी परीक्षेत छोटे प्रसंग देते आणि विचारते, की ही वाटाघाट डिस्ट्रिब्युटिव्ह की इंटिग्रेटिव्ह. पहिलीला मी वर्गात 'वाटणीची' म्हणते. जे आहे ते एवढंच आहे, तुला जास्त गेलं तर मला कमी. दुसरीला 'जोडणीची', कारण तिथे दोघांच्या गरजा शोधून एकत्र बसवल्या तर वाटायला मुळातच जास्त निघतं. व्याख्या सगळ्यांना पाठ असतात, घोळ होतो तो प्रसंगाला लेबल लावताना. त्यातला एक प्रश्न असा होता, की बहुतेक वर्गाने आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर दिलं आणि नंतर माझ्याशीच वाद घातला. त्यातला थोडा वाद रास्तही होता. तो प्रश्न असा:

"देखभाल विभागातल्या एका वरिष्ठ तंत्रज्ञाला पर्यवेक्षकपदाची बढती देऊ केली आहे. तीन गोष्टी ठरायच्या आहेत. पगारवाढ: व्यवस्थापक ८ टक्के म्हणतात, तंत्रज्ञ २० टक्के मागतो. नवं काम सुरू करण्याची तारीख: व्यवस्थापक म्हणतात लगेच, तंत्रज्ञ म्हणतो ८ आठवड्यांनी. महिन्याच्या रात्रपाळ्या: व्यवस्थापकांना ८ हव्यात, तंत्रज्ञाला एकही नको. दोघे शांतपणे, एकमेकांचा मान राखून बोलतात. पगारवाढ १४ टक्क्यांवर, तारीख ४ आठवड्यांवर आणि रात्रपाळ्या ४ वर ठरतात. दोघेही समाधानाने हात मिळवतात. ही वाटाघाट कोणत्या प्रकारची?"

बहुतेकांनी 'इंटिग्रेटिव्ह' लिहिलं. कारणं विचारली तर तीच ती आली: मुद्दे एकापेक्षा जास्त आहेत, आवाज चढलेला नाही, पुढेही एकत्र काम करायचं आहे, दोघांना काहीतरी मिळालं, दोघे खूश आहेत. यातली चार कारणं लेबलाच्या दृष्टीने बिनकामाची आहेत. पहिलं कामाचं आहे, पण अर्धंच.

माझ्या उत्तरपत्रिकेत 'डिस्ट्रिब्युटिव्ह' होतं. तिन्ही मुद्द्यांवर या दोघांनी एकच गोष्ट केली. दोन टोकं घेतली, मधोमध काट मारली आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. एका मुद्द्याचा दुसऱ्याशी संबंध कुणी लावला नाही. आठ आठवडेच का, आठ रात्री कशासाठी, हे कुणी कुणाला विचारलं नाही. म्हणजे वाटणीच्या तीन वेगळ्या वाटाघाटी एकापाठोपाठ एक झाल्या, एवढंच. त्या सभ्यपणे झाल्या म्हणून त्यांची जात बदलत नाही. बाजारात दोन सज्जन माणसं हसतखेळत घासाघीस करतात, तरी ती घासाघीसच राहते.

तडजोड आणि जोडणी यांत गल्लत करायची सवय जुनी आहे. व्यवस्थापनाच्या अभ्यासक मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२५ साली या दोहोंतला फरक स्पष्ट मांडला होता. संघर्ष तीन तऱ्हांनी मिटतो असं त्या म्हणत: एकाची सरशी, तडजोड आणि जोडणी. त्यांचं उदाहरण ग्रंथालयातल्या खोलीचं आहे. खोलीतल्या दुसऱ्या व्यक्तीला खिडकी उघडी हवी होती, फॉलेटना बंद. अखेर शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. ही तडजोड नव्हती, कारण दोघांनाही जे खरोखर हवं होतं ते पूर्ण मिळालं. फॉलेटना खिडकी बंदच हवी होती असं नाही, त्यांना उत्तरेचा वारा थेट अंगावर नको होता. समोरच्या व्यक्तीला तीच खिडकी उघडी हवी होती असं नाही, खोलीत जास्त हवा यायला हवी होती. आमच्या प्रश्नातले दोघे त्या खोलीत असते तर खिडकी अर्धी उघडून बसले असते. हवाही पुरेशी नाही आणि वाराही अंगावर.

"पण मॅडम, यापेक्षा चांगलं काही निघू शकलं असतं, हे प्रश्नात कुठे आहे?" एका विद्यार्थिनीने हे विचारलं आणि मी अडकले. प्रश्नात ते नव्हतं, फक्त माझ्या डोक्यात होतं. प्रश्न रचताना मी दोघांची आतली बाजू वहीत लिहून ठेवली होती, पण छापताना ती गाळली होती. मग मी वही उघडून फळ्यावर मांडणी केली.

तंत्रज्ञाची एक अर्हता परीक्षा आहे, सातव्या आठवड्यात. तोवर नवी जबाबदारी अंगावर घेणं त्याला परवडणारं नाही. रात्रपाळीचं त्याला फारसं काही नाही, सवय आहे, मागायचं म्हणून शून्य मागितलं. व्यवस्थापकांचं नेमकं उलटं. यंत्रं बंद पडतात ती रात्री, आणि त्या वेळी निर्णय घेणारं कुणी जागेवर नसतं. तारखेची त्यांना घाई नाही, कारण सध्याचे पर्यवेक्षक आणखी दोन महिने आहेत. 'लगेच' हा शब्द सवयीने तोंडातून गेला. पगारवाढ मात्र दोघांनाही सारखीच महत्त्वाची.

याला गुण देऊन पाहू. तंत्रज्ञाच्या मनात पूर्ण पगारवाढीला ३० गुण, पूर्ण आठ आठवड्यांना ६० आणि रात्रपाळ्या पूर्ण टळण्याला १०. व्यवस्थापकांच्या मनात पगारवाढ ८ टक्क्यांवर रोखण्याला ३०, लगेच सुरुवात होण्याला १० आणि आठही रात्री मिळण्याला ६०. मधल्या पायऱ्यांना त्या प्रमाणात गुण.

मधोमध काट मारल्यावर तंत्रज्ञाला पगाराचे १५, तारखेचे ३० आणि रात्रपाळ्यांचे ५, म्हणजे ५० मिळाले. व्यवस्थापकांनाही १५, ५ आणि ३०, म्हणजे ५०. अगदी समसमान. वर्गाला हे फार न्याय्य वाटलं.

आता फक्त एक अदलाबदल करू. तंत्रज्ञाने एक रात्रपाळी जास्त घ्यायची आणि त्या बदल्यात तारीख एक आठवडा पुढे ढकलून घ्यायची. एका रात्रीचे त्याचे सव्वा गुण जातात, एका आठवड्याचे साडेसात येतात. व्यवस्थापकांना रात्रीचे साडेसात मिळतात, आठवड्याचे सव्वा जातात. दोघेही सव्वासहा गुणांनी वर. हीच अदलाबदल आणखी तीनदा केली की तारीख ८ आठवड्यांवर आणि रात्रपाळ्या ८ वर पोचतात, पगारवाढ १४ टक्क्यांवरच राहते, आणि दोघांचे गुण प्रत्येकी ७५ होतात. एकूण १००चे १५० झाले. कुणाच्याही खिशातून काही गेलं नाही. ते ५० गुण टेबलावर पडलेच होते, दोघे ते तसेच सोडून समाधानाने उठले. जे आपल्याला स्वस्त आणि समोरच्याला मोलाचं ते द्यायचं, आणि उलट असेल ते घ्यायचं, या देवाणघेवाणीला शास्त्रात लॉगरोलिंग म्हणतात. जोडणीच्या डावपेचांतला हा सगळ्यात कामाचा.

फळ्यावरचा हिशेब संपतो न संपतो तोच मागच्या बाकावरून आवाज आला, की गुणांची पायरी सरळ रेषेत धरली हे चूक आहे. परीक्षा सातव्या आठवड्यात असेल तर ४ आठवड्यांचे ३० गुण कसे? नवं काम परीक्षेच्या तीन आठवडे आधीच अंगावर आलं, तर मिळालेल्या चार आठवड्यांचा त्याला उपयोग काय? बरोबर होतं. असा उंबरठा असेल तर मध्यबिंदूवर तंत्रज्ञाच्या हाती १५, ० आणि ५, म्हणजे जेमतेम २० गुण लागतात, आणि तरीही तो आपण अर्धं मिळवलं असं समजून हात मिळवतो. 'अर्धं' हे आकड्यांचं अर्धं असतं, गरजेचं नव्हे.

मग हे दोघे बोलले का नाहीत? त्यांच्यात अविश्वास नव्हता. प्रत्येकाने गृहीत धरलं, की आपल्याला जे जितकं हवंय, ते न देणं समोरच्याला तितकंच हवं असणार. तो उशिरा म्हणतोय आणि मी लगेच म्हणतोय, म्हणजे झगडा बरोबरीचा. अशा समजुतीला 'फिक्स्ड पाय' म्हणतात, वाटायचा घास ठरलेलाच आहे अशी धारणा. ली थॉम्पसन आणि रीड हेस्टी यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं, की बहुतेक लोक वाटाघाटीला बसतानाच ही समजूत घेऊन येतात, आणि कित्येकांची ती उठेपर्यंत सुटत नाही. प्रश्नपत्रिका सोडवणाराही याच खड्ड्यात पडतो, फक्त दुसऱ्या बाजूने. आकडे विरुद्ध दिसले की 'वाटणी' लिहितो आणि माणसं गोड दिसली की 'जोडणी'.

आता माझी चूक. 'ही वाटाघाट कोणत्या प्रकारची' या एका वाक्यात मी दोन वेगळे प्रश्न कोंबले होते. एक, ही परिस्थिती कोणत्या प्रकारच्या वाटाघाटीला वाव देते? दोन, या माणसांनी प्रत्यक्षात काय केलं? परिस्थितीत जोडणीला भरपूर वाव होता, माणसांनी केली वाटणी. 'इंटिग्रेटिव्ह' लिहिणाऱ्यांपैकी काहींनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. त्यांचं 'मुद्दे एकापेक्षा जास्त आहेत' हे कारण तिथे लागू पडतं, मात्र अग्रक्रम वेगळे असतील तरच. तिन्ही मुद्दे दोघांना सारख्याच प्रमाणात प्रिय असते तर मुद्दे तीन असून देवघेवीला काही उरलं नसतं. मी मागेपुढे न बघता उत्तर 'डिस्ट्रिब्युटिव्ह' ठेवलं, पण त्या काहींना अर्धे गुण दिले. अजूनही वाटतं, पूर्ण द्यायला हवे होते.

म्हणून प्रसंग वाचताना क्रियापद पाहायला सांगते. 'कोणती पद्धत योग्य ठरेल' म्हटलं असेल तर मुद्दे आणि अग्रक्रम शोधायचे. 'कोणती पद्धत वापरली' म्हटलं असेल तर फक्त कृती पाहायच्या: कारणं विचारली का, मुद्दे एकमेकांना बांधले का, की एकेक उचलून ताणला. तिसरा थर डावपेचांचा, आणि तिथली गंमत वेगळी आहे. वाटणीचा डावपेच जोडणीच्या वाटाघाटीतही खुशाल खेळला जातो.

याच प्रसंगात थोडा फेरफार करून मी पुढच्या खेपेला विचारलं. या वेळी तंत्रज्ञाने आपल्या परीक्षेचं सांगितलं. व्यवस्थापकांना तारखेची फिकीर नाही, हे प्रश्नातच लिहिलेलं. तरी ते सुस्कारा टाकून म्हणतात, "दोन महिने थांबायचं म्हणजे माझं सगळं वेळापत्रक कोसळतं. पण तुझ्या परीक्षेसाठी सोसतो. मग तूही पगाराचं समजून घे, आठवर थांबू. रात्रपाळ्या आठ धरू." तंत्रज्ञ आभार मानून होकार देतो.

वर्गातल्या जवळपास सगळ्यांनी लॉगरोलिंग लिहिलं. दिसायला तसंच आहे: एक मुद्दा दिला, दुसरा घेतला. पण हा डाव 'बोगी'चा आहे. जे आपल्याला मुळातच किरकोळ आहे ते फार मोलाचं असल्याचा आव आणायचा, मग ते 'सोडून' त्याची किंमत वसूल करायची. हिशेब केला तर गोष्ट आणखी उलगडते. तंत्रज्ञाला तारखेचे ६० मिळाले, बाकी शून्य. व्यवस्थापकांना रात्रपाळ्यांचे ६० आणि पगाराचे ३०, म्हणजे ९०. बेरीज पुन्हा १५०च. घास मोठा झाला होता, बोगीने तो लहान केला नाही. बोगीने ठरवलं ते एवढंच, की मोठ्या झालेल्या घासातला पगाराचा तुकडा कुणाच्या पानात पडणार. लॉगरोलिंगमध्ये दिलेली सवलत देणाऱ्याला खरोखर थोडीफार लागते आणि त्याने ती आहे तेवढीच सांगितलेली असते. बोगीत तिची किंमत फुगवलेली असते. बाहेरून हा फरक दिसत नाही. परीक्षेत तो ओळखायचा एकच मार्ग, तो म्हणजे पात्राच्या मनातलं सांगणारं वाक्य. 'तारखेची फिकीर नाही' हे शब्द काढून टाका, मग लॉगरोलिंग हे उत्तरही चुकीचं म्हणता येणार नाही.

एक गोष्ट इथे वर्गाच्या नजरेतून सुटली. तंत्रज्ञाचे ६० गुण मधोमध काट मारून मिळालेल्या ५०पेक्षा जास्तच आहेत. फसवला गेला तरी तो आधीपेक्षा वर आहे. म्हणून बोगी बरी, असं मी म्हणत नाही. दोन महिन्यांनी त्याला कळलं, की जुन्या पर्यवेक्षकांचं थांबणं आधीच ठरलेलं होतं, तर पुढची प्रत्येक सवलत तो संशयाने बघणार. पण लेबल लावताना नाराजी मधे येऊ द्यायची नसते.

इथून आम्ही माहिती उघड करण्याकडे आलो. 'जोडणीत माहितीची देवाणघेवाण होते' हे वाक्य पाठ असल्याने, प्रसंगात कुणी 'मला किमान इतके तरी हवेतच' असं बोलून गेलं, की उत्तर 'इंटिग्रेटिव्ह' पडतं. पण माहिती दोन प्रकारची असते. 'मला पगारापेक्षा तारीख महत्त्वाची, कारण परीक्षा आहे' ही गरजेची आणि अग्रक्रमाची माहिती झाली, तिच्यातून जोडणी निघते. '१० टक्क्यांच्या खाली मी नाही म्हणेन' ही शेवटच्या मर्यादेची माहिती झाली. तिने घास तसूभर वाढत नाही, समोरच्याला नेमकं कुठवर ताणायचं एवढं कळतं. जोडणीची वाटाघाट करणारा जाणता माणूसही आपली शेवटची मर्यादा सहसा झाकूनच ठेवतो. आणि पहिल्या प्रकारची माहितीही फुकट नसते. परीक्षेचं सांगितलं म्हणून तर बोगीला जागा मिळाली. मोठा घास करायला जे उघड करावं लागतं, त्याचाच उपयोग वाटणीत तुमच्याविरुद्ध होऊ शकतो. डेव्हिड लॅक्स आणि जेम्स सेबेनियस यांनी १९८६ साली याच पेचाला वाटाघाट करणाऱ्याची द्विधा म्हटलं.

यातून सुटायची एक वाट त्याच प्रसंगात दिसते. तंत्रज्ञाने सगळे पत्ते टाकण्याऐवजी दोन पूर्ण प्रस्ताव एकदम समोर ठेवले असते: "एक तर आठ आठवडे, आठ रात्री, चौदा टक्के. नाहीतर दोन आठवडे, दोन रात्री आणि वीस टक्के. दोन्हीपैकी तुम्हाला कोणता चालेल?" त्याच्या स्वतःच्या हिशेबात पहिला ७५ गुणांचा, दुसरा १५, साडेसात आणि ३० मिळून साडेबावन्नचा. म्हणजे हे बरोबरीचे नाहीत. शास्त्राप्रमाणे ते त्याच्या दृष्टीने सारख्याच किमतीचे असायला हवेत, म्हणजे निवडीतून समोरच्याचा अग्रक्रम कळतो आणि आपलं काही जात नाही. बरोबरी जुळवायची तर दुसऱ्यात दोनऐवजी पाच आठवडे मागावे लागतात, म्हणजे त्याचेही ७५ होतात. इथे आमचा तास संपला. व्यवस्थापकांच्या बाजूने मात्र फरक लख्ख आहे. त्यांना पहिल्यात ७५ आणि दुसऱ्यात साडेबावीस. ते क्षणात पहिला उचलणार, आणि तारखेची घाई नव्हती हे न बोलता कळणार.

पगाराचे ३० गुण मात्र या सगळ्यात कुठेही ३०चे ३१ झाले नाहीत. तंत्रज्ञाने २० टक्के मिळवले तर ९० आणि ६०, व्यवस्थापकांनी ८ वर रोखलं तर ६० आणि ९०. जोडणी झाल्यावरही वाटणी शिल्लक राहतेच. रिचर्ड वॉल्टन आणि रॉबर्ट मॅकर्सी यांनी १९६५ साली कामगार वाटाघाटींच्या अभ्यासातून हे दोन प्रकार वेगळे काढले, तेव्हा प्रत्यक्षातल्या बहुतेक वाटाघाटींत दोन्ही मिसळलेले असतात हेही दाखवलं. पर्यायांच्या चौकटीत 'मिश्र' हे उत्तर सहसा नसतं. असतं तेव्हा सगळे तेच निवडतात, म्हणून मी ते ठेवत नाही.

प्रश्न मी बदलला. आता दोघांची आतली कारणं प्रसंगात छापलेली असतात, शेवटचं 'समाधानाने हात मिळवतात' तसंच ठेवलंय, मुद्दाम. खाली तीन उपप्रश्न आहेत: परिस्थिती कशाला वाव देते, त्यांनी काय केलं, आणि कुणी कोणता डावपेच खेळला. तिसऱ्याचं अपेक्षित उत्तर 'कोणताच नाही' असं आहे. यंदा तिथे तिघांनी 'अँकरिंग' लिहिलं, म्हणजे आधीच टोकाचा आकडा मांडून बोलणी आपल्याकडे ओढणं. तंत्रज्ञाने रात्रपाळ्या चालत असूनही आधी शून्य मागितलं, ते मधोमध येताना उपयोगी पडावं म्हणूनच ना, असं त्यांचं म्हणणं. 'मागायचं म्हणून मागितलं' असं तर मीच लिहिलं होतं. तिघांनाही गुण दिले आणि उत्तरपत्रिकेतलं 'कोणताच नाही' खोडलं.